धागा: ‘बँक’ शोधलं की निम्म्याच नोंदी का सापडतात? (अर्धचंद्र, टिंब आणि ॉ)

नंदिनी_वाचनालय
आमच्या तालुक्याच्या वाचनालयाची पुस्तकसूची मी आणि दोन मैत्रिणी मिळून संगणकावर उतरवतो आहोत. सहकार, पतसंस्था, बँकिंग या विषयांचं आमच्याकडे चांगलं जुनं कपाट आहे. काल एका विद्यार्थ्याला यादी काढून द्यायची म्हणून स्प्रेडशीटमध्ये ‘बँक’ शोधलं, तर ३८ नोंदी आल्या. मला शंका आली, म्हणून कपाटासमोर बसून हातानं मोजलं. शीर्षकात बँक असलेली पुस्तकं ६१ निघाली, आणि ६१ही शीटमध्ये आहेत! पडद्यावर अक्षर न् अक्षर सारखं दिसतं, तरी शोधात २३ गळतात.

‘काँग्रेस’चंही तेच, आणि ‘ॲ’नं सुरू होणाऱ्या शब्दांचे तर हाल विचारू नका. आम्ही तिघी वेगवेगळ्या कळफलकांवर टाइप करतो. चूक नेमकी कुणाची, आणि बरोबर रूप कोणतं? शिवाय ‘डॉक्टर’, ‘हॉटेल’, ‘कोर्ट’ यांत ॉ कुठे आणि ो कुठे, यावरही आमची रोज वादावादी होते. कुणीतरी नीट सांगा.

केदार_म
सोपं आहे. मराठीत चंद्रबिंदू नाहीच, तो हिंदीचा. ‘चाँद’, ‘हँसना’ यांत असतो तो. आपल्या बँकेत आहे तो अर्धचंद्र, आणि त्यावर अनुस्वार. म्हणजे आधी ॅ आणि मग ं. ज्यांनी चंद्रबिंदूची एक कळ दाबून काम उरकलं त्यांचं चुकलं. सगळे ँ शोधा आणि ॅं करून टाका. ॲ आणि ऍचंही तसंच. ऍ हिंदी, ॲ मराठी. ऍ दिसला की समजायचं, हिंदीतून उचललेलं आहे.

वर्णरेषा
केदार, उच्चाराचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, उपाय मात्र करू नका. नंदिनीताई, जरा थांबा.

आधी गळतीचं कारण पाहू. ‘बँक’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकीत ब, चंद्रबिंदू, क अशी तीन चिन्हं असतात. दुसरीत ब, अर्धचंद्र, अनुस्वार, क अशी चार. बहुतेक फाँटांत दोन्ही एकसारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. युनिकोडनं या दोन रूपांना समान मानलेलं नाही, त्यामुळे साधा शोध एक देतो आणि दुसरं सोडतो. ‘काँग्रेस’ तसाच: एकदा काना आणि चंद्रबिंदू, एकदा ॉ आणि टिंब. काँक्रीट, बाँड, लाँड्री सगळे याच रांगेत.

तपासायला शेजारच्या रकान्यात शब्दाची लांबी काढा. रकान्यात फक्त तेवढाच शब्द घ्या, पूर्ण शीर्षक नको:

```
=LEN(A2)
```

३ आलं तर चंद्रबिंदूचा, ४ आलं तर अर्धचंद्र आणि टिंबाचा.

आता केदारचा उपाय का नको ते. वाचनालयात हिंदी पुस्तकंही असणार. सरसकट ँचा ॅं केलात तर हिंदी शीर्षकातल्या ‘हँसी’चा ‘हॅंसी’ होईल आणि ‘माँ’चा ‘माॅं’. डोळ्यांना फरक दिसणार नाही, पण नोंद बिघडलेली असेल आणि हिंदी शब्द शोधणाऱ्याला ती सापडणार नाही. उलट दिशेनं जा. अर्धचंद्र आणि टिंब जिथे लागून आलेत तिथे चंद्रबिंदू करा. हिंदीत ॅं असा जोड सहसा येतच नाही, म्हणून या दिशेनं काही मोडत नाही.

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2,UNICHAR(2373)&UNICHAR(2306),UNICHAR(2305)),UNICHAR(2377)&UNICHAR(2306),UNICHAR(2366)&UNICHAR(2305))
```

आतला भाग बँकेसाठी, बाहेरचा काँग्रेससाठी. मूळ रकाना पुसू नका, निकाल नव्या रकान्यात घ्या.

ऍबद्दलही थोडं. हिंदीत तो अक्षर म्हणून क्वचितच दिसतो. हिंदीवाले ‘ऐप’, ‘बैंक’ असं दोन मात्रांनी लिहितात, आणि ते त्यांच्या लेखनात बरोबरच आहे. मराठी मजकुरात ऍ शिरला तो जुन्या कळफलकांमुळे. इनस्क्रिप्टवर त्या जागी ऍ होता, आणि ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी मराठी माणसाला ॲ हवा असेल तर काहीतरी जुळवाजुळव करण्यावाचून इलाज नव्हता. त्या काळच्या ऍला हिंदीची नक्कल म्हणणं अन्यायाचं होईल.

खिळेजुळवे
चाळीस वर्षं छापखान्यात काढली, त्यांतली पहिली पंधरा खिळे जुळवण्यात. आमच्या पेटीत चंद्र आणि टिंब मिळून एकच खिळा होता. तो ‘बँक’लाही लागायचा आणि हिंदी मजकूर आला तर ‘चाँद’लाही. हा अर्धचंद्र आणि अनुस्वार की चंद्रबिंदू, असं आम्हाला कुणी कधी विचारलं नाही, आणि विचारायची गरजही पडली नाही. कागदावर रूप एकच होतं. हा प्रश्न यंत्रात अक्षरांना आकडे मिळाले तेव्हा जन्माला आला.

म्हणून माझ्या मते मान्य रूप म्हणजे डोळ्यांना दिसणारं रूप: ब, वर चंद्र, चंद्रात टिंब. ‘बॅन्क’ नको, ‘बॅङ्क’ नको. परसवर्ण जोडून लिहायची मोकळीक मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी तत्सम शब्दांपुरती ठेवली आहे. ‘दंगा’, ‘संप’ यांना जसं टिंबच, तसं बँकेलाही टिंबच. पँट, हँडल, बँड, सगळे तसेच.

मात्र ‘कॅन्सर’ला टिंब देऊ नका. सच्या आधीचं टिंब मराठी माणूस ‘संसार’मधल्यासारखं वाचतो, म्हणजे कॅव्ँसर. तिथे न् लिहावाच लागतो. लायसन्स, कॉन्फरन्स यांतही तसंच.

आईचा_अभ्यास
मुलगी पहिलीत आहे. तिनं ‘बॅट’ आणि ‘बँक’ शेजारीशेजारी लिहिले आणि विचारलं, “बॅटवर टिंब नाही, मग बँकेवर का?” मी सांगितलं, नाकातून आवाज येतो म्हणून. ती म्हणाली, “मग फॅनवर का नाही? तिथेही येतो की.” मला उत्तर सुचलं नाही. तिच्या वर्गात चिन्हाला कधी ‘चंद्र’ म्हणतात, कधी ‘अर्धी मात्रा’. नक्की काय शिकवू?

खिळेजुळवे
मुलीचा प्रश्न फार चांगला आहे. फॅनमध्ये न स्वतःच्या पायावर उभा आहे, त्याच्यापुढे दुसरं व्यंजन नाही. बँकेत तो आवाज पुढच्या कला चिकटून येतो. चिकटून आला की टिंब, एकटा उभा असला की पूर्ण अक्षर. ‘रंग’ आणि ‘रान’ हे दोन शब्द तिच्याकडून म्हणवून घ्या, तिचं तिलाच कळेल. चिन्हाला अर्धचंद्र म्हणा. ‘अर्धी मात्रा’ नको, ती मात्रा नव्हे आणि अर्धीही नव्हे.

वर्णमाला शिकवताना ॲ आणि ऑ जरूर घ्या. ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयानं दोन्ही मराठी वर्णमालेत आले आहेत. आमच्या लहानपणी ती अक्षरं रोजच्या लिहिण्यात होती, वर्णमालेच्या तक्त्यावर नव्हती.

सदाशिव७१
मूळ प्रश्न ऱ्हस्व-दीर्घाचाच आहे ना? मग ‘ऑफिस’ की ‘ऑफीस’? ‘पोलीस’ दीर्घ लिहायचा आणि ‘ऑफिस’ ऱ्हस्व, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर आधीची वेलांटी दीर्घ, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं.

वर्णरेषा
सदाशिवराव, हा धागा अर्धचंद्र आणि ॉपुरता आहे. ऱ्हस्व-दीर्घावर वेगळा धागा काढा, मी तिथे येतो. इथे एवढंच सांगतो: पोलीस आता मराठी शब्दासारखा चालतो म्हणून तो नियमात बसवला गेला. ऑफिसचं लेखन अजून इंग्रजी उच्चाराकडे बघून होतं. दोन्ही रूपं छापील मजकुरात सापडतात.

वकील_रत्नागिरी
माझी हकिगत थोडी वेगळी आहे, पण मूळ तेच दिसतंय. आमच्या एका संघटनेनं सभासदांची यादी अकारविल्हे लावून छापली. प्रत्येकाच्या नावाआधी ‘ॲड.’ होतं. यादीचे दोन तुकडे झाले. निम्मे वकील सुरुवातीला, निम्मे पार शेवटी, ‘ह’च्याही नंतर. माझं नाव शेवटच्या पानावर गेलं. निवडणूक होती, लोकांनी पहिली पानं चाळली आणि माझं नावच नाही असं समजले. छापणाऱ्यानं सांगितलं, “साहेब, मी काही केलं नाही, संगणकानं लावलं.” याचं कारण काय असेल?

वर्णरेषा
कारण तुमच्या वर्णनातच आहे. ‘ॲड.’ किमान चार तऱ्हांनी टाइप होतो:

ॲ हे एकच अक्षर.
अ आणि त्यावर ॅ.
अ, मध्ये न दिसणारा जोडक, मग ॅ. जुन्या विंडोजवर अ आणि ॅ जोडले की मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ यायचं, ते घालवायला लोक हा जोडक घालत.
आणि ऍ.

ज्यांचं ‘अ + ॅ’ होतं ते ‘अ’मध्ये गेले, म्हणजे सुरुवातीला. ॲला युनिकोडच्या तक्त्यात जागा उशिरा मिळाली, म्हणून त्याचा क्रमांक २४१८ आहे आणि ‘ह’चा २३६१. नुसत्या क्रमांकानं यादी लावली की ॲ ‘ह’च्या पुढे जाऊन बसतो. छापणाऱ्यानं खरोखरच काही केलं नव्हतं. पण छापण्याआधी कुणीतरी यादी डोळ्यांखालून घालायला हवी होती.

पहिलं अक्षर कोणतं हे असं कळतं:

```
=UNICODE(A2)
```

२४१८ आलं तर ॲ, २३१७ आलं तर ऍ, २३०९ आलं तर साधा अ आणि पुढे काहीतरी जोडलेलं. यादी लावताना ‘ॲड.’ वेगळ्या रकान्यात काढा आणि आडनावावर क्रम लावा. एवढ्यानं तुमचा प्रश्न सुटेल.

नंदिनी_वाचनालय
वर्णरेषा, तुमचं सूत्र चालवलं, बँक आणि काँग्रेस जुळले! पण ‘अँटेना’वरचं एक पुस्तक अजून शोधात येत नाही. दिसायला ठीक आहे, लांबी मात्र एकानं जास्त येते.

वर्णरेषा
माफ करा, क्रम चुकला, आणि चूक माझी. तुमच्या त्या नोंदीत अ, जोडक, ॅ, ं असं असणार. माझ्या सूत्रानं ॅंचा चंद्रबिंदू केला, पण न दिसणारा जोडक मध्येच राहिला. आधी अचे सगळे अवतार ॲवर आणायला हवे होते:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2,UNICHAR(2309)&UNICHAR(8205)&UNICHAR(2373),UNICHAR(2418)),UNICHAR(2309)&UNICHAR(2373),UNICHAR(2418))
```

त्याच पद्धतीनं २३१७चा २४१८ करा. मग ॲला लागून २३०६ आलेलं असेल तर त्या दोघांचं २३०९ आणि २३०५ करा, म्हणजे ‘अँ’. आणि शेवटी आधीचं बँक-काँग्रेसचं सूत्र. मूळ रकान्यापासून पुन्हा सुरुवात करा, दुरुस्त केलेल्या रकान्यावर चालवू नका.

केदार_म
हिंदी शीर्षकांचा मुद्दा पटला, तो माझ्या लक्षात नव्हता. पण तत्त्व मी सोडत नाही. बँकेत ‘ॅ’ हा स्वर आहे, आणि चंद्रबिंदू लिहून आपण तो स्वर नोंदीतून काढूनच टाकतो. यंत्राच्या दृष्टीनं तिथे ब, अ आणि नाकातला आवाज एवढंच उरतं. हिंदी येणारा माणूस ‘बँक’ असा शब्द ‘हँस’च्या चालीवर वाचेल. उद्या यंत्राकडून मजकूर मोठ्यानं वाचवून घ्यायचा असेल तर ‘बॅंक’ हेच बरोबर ठरेल.

वर्णरेषा
ते मीही नाकारत नाही. फक्त मराठीच असलेला संग्रह असता तर मीही कदाचित तुमच्या बाजूनं गेलो असतो. अडचण अशी की आज जालावरच्या मराठी मजकुरात ‘बँक’ प्रामुख्यानं चंद्रबिंदूनंच टाइप झालेला दिसतो. मराठी विकिपीडियावरही लेखाचं नाव तसंच आहे. शोधणारा माणूस तेच टाइप करणार. सूचीसाठी मी शोधणाऱ्याची बाजू घेतो.

एडिनबरातला_नाशिककर
ॉ-ोच्या वादाबद्दल. मराठीत आपण ‘फॉर्म’, ‘ऑर्डर’, ‘कॉर्नर’, ‘हॉर्न’, ‘शॉर्टकट’ लिहितो. पण ‘कोर्ट’, ‘रिपोर्ट’, ‘बोर्ड’, ‘फोर्स’, ‘स्टोअर’ला ॉ देत नाही. लंडनच्या इंग्रजीत या सगळ्यांचा स्वर आज एकच आहे, म्हणून मला वाटायचं की आपण मनाला येईल तसं लिहितो. इथे आल्यावर शेजारच्या वयस्क बाईंचं बोलणं ऐकलं. त्या फॉर्म आणि ऑर्डर उघड्या तोंडानं म्हणतात आणि कोर्ट, बोर्ड, रिपोर्ट गोल ‘ओ’नं! अगदी आपल्या लिहिण्यासारखं. मग कळलं की इंग्रजीत हे पूर्वी दोन वेगळे स्वर होते. बहुतेक ठिकाणी ते एक झाले, स्कॉटलंडमध्ये अनेकांच्या तोंडी अजून वेगळे आहेत. आपल्या ‘कोर्ट’ला हसणाऱ्यांना हे सांगायला हवं.

खिळेजुळवे
वा, हे मला ठाऊक नव्हतं. पण याचा नियम करू नका. त्या हिशेबानं ‘फोर’ला ओ आणि चाळिसाला ‘फॉर्टी’ यायला हवं. आमच्याकडे मजकूर यायचा त्यात सर्रास ‘फोर्टी’ असे. आणि ‘हॉटेल’चं काय? इंग्रजीत तिथे ओ आहे, हिंदीत ‘होटल’ आहे, मराठीत मात्र ‘हॉटेल’ हेच रूप रुजलं. ‘होटेल’ छापून दिलं असतं तर मालकानं पाटी परत पाठवली असती. मान्य रूप मराठी तोंडानं ठरतं. इंग्रजी उच्चारकोश उघडून हॉटेलचं होटेल करायला निघालात तर वाचक अडखळेल.

एडिनबरातला_नाशिककर
हॉटेल मान्य. पण मग ‘कोर्ट’ मराठी तोंडानं ठरलं की ज्या इंग्रजांकडून ऐकलं त्यांच्या तोंडानं? आणि ‘डॉक्टर’? माझी आजी ‘डाक्टर’ म्हणायची, लिहायचीही तसंच.

खिळेजुळवे
आजींचं लेखन त्यांच्या काळाला धरून होतं. जुन्या छपाईत ‘डाक्टर’, ‘कालेज’, ‘आफीस’ भरपूर आहे, तसंच ‘ब्यांक’, ‘म्यानेजर’, ‘ग्यास’. चंद्र सर्वत्र रुळण्याआधी ॅचा आवाज य आणि काना जोडून लिहीत. आज लिहिताना डॉक्टर आणि संक्षेपात डॉ., यात दुमत नाही. कोर्टाचं उत्तर माझ्याकडे नाही.

नंदिनीताई, तुमच्या कपाटात ‘ब्यांक’ असलेलं एखादं पुस्तक नक्की असणार. ते शीर्षक बदलू नका. ज्या रूपात छापलंय त्याच रूपात नोंदवा.

नंदिनी_वाचनालय
आहेत, दोन आहेत! आता पूर्ण हिशेब लागला, तो सांगते. गळलेल्या २३ नोंदींपैकी १८ ‘अर्धचंद्र आणि टिंब’वाल्या होत्या. एकीत मैत्रिणीनं आधी टिंब आणि मग चंद्र टाइप केला होता. तिथे चंद्राखाली ठिपक्यांचं वर्तुळ दिसत होतं आणि मी इतके दिवस ते फाँटाचं काहीतरी म्हणून सोडून देत होते. दोन हिंदी पुस्तकं ‘बैंक’. त्यांचीही लांबी ४ येते, म्हणून मी आधी ती १८ मध्येच धरली होती. आणि दोन जुने अहवाल ‘ब्यांक’.

१८ सूत्रानं जुळल्या, एक हातानं दुरुस्त केली. हिंदी आणि जुन्या नोंदींचं शीर्षक तसंच ठेवलं. शेजारी ‘शोधशब्द’ नावाचा नवा रकाना केला आणि त्यात सगळ्या ६१ पुस्तकांसमोर ‘बँक’ लिहिलं. आता शोध त्या रकान्यात करतो. विद्यार्थ्याला आज पूर्ण यादी दिली.

एक अडचण मात्र उरली आहे. त्या जुन्या अहवालांपैकी एकाच्या मुखपृष्ठावर ‘ब्यांक’ आहे आणि आतल्या शीर्षकपानावर ‘बँक’. नोंद कोणत्या पानावरून घ्यायची?

खिळेजुळवे
शीर्षकपानावरून. मुखपृष्ठाचा ठोकळा पुष्कळदा आदल्या वर्षीचा तसाच वापरत. मुखपृष्ठावरचं रूप टिपेच्या रकान्यात लिहा, गाळू नका.

केदार_म
आणि शोधशब्दाच्या रकान्यात ‘बँक’ कोणत्या कळांनी टाइप केलंत, तेही एकदा वर पहिल्या ओळीत लिहून ठेवा. पुढे काम हाती घेणारी व्यक्ती चौथ्याच कळफलकावर असेल.

नंदिनी_वाचनालय
लिहिलं. ब, चंद्रबिंदू, क. लांबी ३.